अँगल गेज झिरो केला तरी परत तोच घोळ: डबी फिरवून तिची स्वतःची चूक काढा

डिजिटल अँगल गेज म्हणजे ती चौकोनी डबी, खाली मॅग्नेट असलेली, टेबलावर ठेवली की उतार अंशात दाखवते ती. तिच्याबद्दल एकच तक्रार फिरून फिरून ऐकतो आणि मी स्वतःपण वर्षभर तेच रडगाणं गायलंय. सकाळी टेबलावर ठेवली, झिरो केली, दिवसभर काम केलं, दुसऱ्या दिवशी चालू केली तर ०.३. परत झिरो. मग दुसऱ्या कामावर नेली तर पाणसळ म्हणते सरळ आहे आणि डबी म्हणते नाही. शेवटी माणूस म्हणतो डबीच फालतू आहे आणि ड्रॉवरमध्ये टाकून देतो.

बहुतेक वेळा डबी फालतू नसते. ZERO बटण काय करतं तेवढंच आपण चुकीचं समजून बसलेलो असतो.

ZERO दाबलं की डबी एवढंच म्हणते, "आत्ता मी जशी आहे त्याला शून्य म्हणायचं." ते टेबल खरंच लेव्हलला आहे का हे तिला माहीत नसतं आणि ती विचारतही नाही. टेबल ०.३ अंश कललेलं असेल तर तो ०.३ आता डबीत घुसला आणि पुढच्या प्रत्येक मापात तो मिसळणार. त्यात बऱ्याच साध्या डब्यांचा ZERO तात्पुरता असतो, बंद केली किंवा ABS दाबलं की गेला, मग डबी आपल्या मूळ शून्यावर जाते आणि आपल्याला वाटतं की "कॅलिब्रेशन टिकत नाही". कॅलिब्रेशन झालेलंच नव्हतं तर टिकणार काय.

माझ्याकडे हे कसं उघडं पडलं ते सांगतो. सांडपाण्याचा पाइप बसवत होतो, मीटरला १ सेंटीमीटर उतार हवा होता, म्हणजे साधारण ०.५७ अंश. कामाच्या टेबलावर डबी झिरो केली, पाइपावर ठेवली, ०.५५ च्या आसपास आणलं, खूश झालो. मग सहज डबी उचलून उलट्या तोंडाने ठेवली तर एक अंशाच्या वर आकडा. पाइप हललेला नाही, क्लॅम्पमध्ये आहे. डबी परत पहिल्यासारखी ठेवली, परत ०.५५. शेजारी काम करणारे एक जुने मिस्त्री होते ते हसले आणि म्हणाले, "अरे पाणसळ घेतल्यावर पहिल्यांदा फिरवून बघतात ना, मग हिला का नाही फिरवलीस?" खरंच, पाणसळीचा बुडबुडा खोटा आहे की नाही हे बघायला सगळे गवंडी ती टोकाकडून टोकाकडे फिरवतात, आणि डिस्प्ले दिसला की आपण ते विसरतो.

टेबल ०.३ अंशाने कललेलं होतं हे नंतर कळलं. म्हणजे डबीत ०.३ ची चूक मी स्वतःच्या हाताने भरली होती. अशा डबीने ०.५७ लावलं तर डबीचं तोंड कुठे आहे त्यावरून पाइपाचा खरा उतार एकतर ०.८७ होतो नाहीतर ०.२७, म्हणजे दीडपट तरी नाहीतर जेमतेम निम्मा. पाणी तुंबलं की मग लोक पाइपाला शिव्या देतात.

आता फिरवण्याची पद्धत. फिरवायचं म्हणजे डबीचा बेस खालीच ठेवून ती जागच्या जागी अर्धा फेरा वळवायची, डावं टोक उजवीकडे आणि उजवं डावीकडे. उपडी करायची नाही. उपडी केली तर वरची बाजू टेबलाला लागते आणि वरची बाजू खालच्या बाजूला अगदी समांतर असेल याची काहीच खात्री नाही, मग तुम्ही तिसरंच काहीतरी मोजत बसता. ही चूक मी दोन-तीन जणांना करताना पाहिलीये कारण "फ्लिप" म्हटलं की हात आपोआप उपडी करायला जातो.

वळवल्यावर काय होतं बघा. डबीच्या आतली चूक डबीबरोबर फिरते. टेबलाचा उतार टेबलाजवळच राहतो. त्यामुळे डबीच्या दृष्टीने उतार उलटा झाला, पण तिची स्वतःची चूक होती तशीच राहिली. पहिल्या रीडिंगमध्ये उतार अधिक चूक, दुसऱ्यात उणे उतार अधिक चूक. दोन्हींची बेरीज केली की उतार उडून जातो आणि चुकीची दुप्पट उरते, वजाबाकी केली की चूक उडते आणि उताराची दुप्पट उरते.

```
R1 = पहिलं रीडिंग, R2 = फिरवून घेतलेलं रीडिंग
डबीची चूक   e = (R1 + R2) / 2
खरा उतार     θ = (R1 - R2) / 2
```

यातली मजा ही की यासाठी लेव्हलला असलेली जागा लागतच नाही. टेबल कललेलं असू दे, फक्त हललं नाही पाहिजे आणि डबी दोन्ही वेळा त्याच जागेवर बसली पाहिजे. ग्रॅनाइटची प्लेट नाही म्हणून अडून बसायची गरज नाही, जाड काचेचा तुकडा किंवा मशीनचं घासलेलं टेबल चालतं. लाकडी फळी शक्यतो नको, तिच्यावर डबी अर्धा सेंटीमीटर सरकली तरी आकडा बदलतो.

इथपर्यंत सगळ्यांना जमतं. घोळ होतो अधिक-उणे चिन्हात.

पुष्कळ डब्या चिन्ह दाखवतच नाहीत, फक्त आकडा, किंवा फारतर कोपऱ्यात एक बारका बाण. आता माझंच एक रीडिंग घ्या. एकीकडून ०.३५, फिरवल्यावर ०.०५. चिन्ह न बघता सरासरी काढली तर ०.२०, म्हणजे डबी ०.२० ने चुकते. पण खरं तर दुसरं रीडिंग उणे होतं, -०.०५. मग सरासरी ०.१५ आणि टेबलाचा उतार ०.२०. म्हणजे चिन्ह खाल्लं की उताराचाच आकडा तुम्ही डबीची चूक म्हणून लिहिता. दोन्ही आकडे दिसायला सारखेच साधे, संशयही येत नाही.

यावर उपाय सोपा आहे. डबीच्या एका टोकाला मार्करने किंवा नेलपॉलिशने ठिपका द्या. ठरवून टाका की डबीच्या मते ठिपक्याचं टोक वर असेल तर अधिक, खाली असेल तर उणे. बाण असेल तर तो वाचा. बाण नसेल किंवा त्याचा अर्थ लागत नसेल (काही डब्यांवर बाण "इकडे उचला" सांगतो आणि काहींवर "इकडे वर आहे", दोन्ही पाहिलेत) तर ठिपक्याच्या टोकाखाली एक कागद सरकवा. आकडा वाढला तर रीडिंग अधिक, कमी झाला तर उणे. आकडा शून्याच्या अगदी जवळ असेल तर आधी कमी होऊन मग वाढू शकतो, म्हणून कागद एकच आणि हळू घाला. डबी बोटाने थोडी उचलूनपण कळतं, पण कागद बरा, हात थरथरत नाही.

डिस्प्लेचे पायरी-आकडेपण लक्षात घ्या. माझ्या डबीवर ०.०५ च्या पटीत आकडा येतो, म्हणजे ०.३५ दिसलं तरी आत ०.३३ असेल किंवा ०.३७ असेल. एकेकदाच रीडिंग घेऊन सरासरी काढण्यात अर्थ नाही. मी तीन-तीनदा उचलून ठेवतो. त्या दिवशीची रीडिंग अशी होती: ठिपका उजवीकडे ठेवून ०.३५, ०.४०, ०.३५ आणि ठिपका डावीकडे ठेवून -०.०५, -०.०५, -०.१०. पहिल्यांची सरासरी ०.३७, दुसऱ्यांची -०.०७, त्यावरून डबीची चूक ०.१५ आणि टेबलाचा उतार ०.२२. उचलून ठेवल्यावर एकाच बाजूची रीडिंग एकमेकांपासून ०.१ पेक्षा जास्त हलत असतील तर पुढे जाऊ नका, आधी डबी नीट बसत का नाहीये ते शोधा. ठेवल्यावर आकडा स्थिर व्हायला दोन-तीन सेकंद लागतात तेवढे द्या, आणि त्या वेळात टेबलावर कोपर टेकवू नका. हसू नका, हलक्या टेबलावर कोपराने ०.०५ सहज हलतो, मी केलंय.

आता चूक सापडली, ती काढायची कशी. तुमच्या डबीत दोन टप्प्यांचं कॅलिब्रेशन असेल तर काम संपलंच, बटण दाबून धरायचं, डबी सांगते ठेवा, मग सांगते फिरवून ठेवा, वरचं गणित ती स्वतःच करते आणि लक्षात ठेवते. मॅन्युअलमध्ये बघा कारण बटणांची गंमत प्रत्येक डबीची वेगळी. तिथेपण दोन्ही वेळा जागा तीच पाहिजे, नाहीतर डबी इमानदारीने चुकीचं गणित करेल.

फक्त ZERO असेल तर आधी खरंच लेव्हलला असलेली जागा बनवावी लागते, आणि ती त्याच चुकीच्या डबीने बनवता येते. एक सपाट पट्टी किंवा काच घ्या. त्यावर डबी ठेवून ZERO दाबा, मग फिरवा. जो आकडा येईल त्याचा निम्मा हा त्या पट्टीचा खरा उतार. डबीची चूक किती होती याच्याशी याला काही देणंघेणं नाही, कारण ती पहिल्याच ZERO मध्ये गेली. समजा फिरवल्यावर ०.४० आलं आणि ठिपका खाली दाखवतोय, तर आत्ता ठिपका ज्या बाजूला आहे ती बाजू ०.२० ने खाली आहे. त्या बाजूला पॅकिंग घाला. किती घालायचं? पट्टी ज्या दोन ठिकाणी टेकते त्यात ३०० मिलिमीटर अंतर असेल तर ०.२० अंशाला साधारण १ मिलिमीटर लागतो. साधा प्रिंटिंगचा कागद ०.१ मिलिमीटरच्या आसपास असतो, म्हणजे दहा कागद, आणि एक कागद म्हणजे ०.०२ अंश, डबीच्या पायरीपेक्षापण बारीक. फीलर गेज असेल तर उत्तमच पण कागदाने माझं कधी अडलं नाही. फक्त कागद दुमडून जाड करू नका, घडीत हवा राहते आणि डबी ठेवल्यावर ती दबते.

पॅकिंग घातल्यावर परत ZERO, परत फिरवा. आता फिरवल्यावर ० आलं किंवा फारतर ०.०५ आलं तर पट्टी लेव्हलला आली. मग त्या पट्टीवर, ABS मोडमध्ये, म्हणजे ZERO काढून मूळ शून्यावर, डबी जो आकडा दाखवते तीच तिची कायमची चूक. माझ्या डबीला ABS मध्ये कॅलिब्रेशन बदलता येत नाही, म्हणून मी पाठीवर चिकटपट्टी लावून लिहून ठेवलंय, "ठिपका वर ०.१५ = लेव्हल". लिहिताना हे असं लिहा. नुसतं "-०.१५" लिहिलं तर आठ दिवसांनी कशातून काय वजा करायचं हे तुम्हालाच आठवणार नाही.

झालं की नाही याची परीक्षा मुद्दाम कललेल्या जागेवर घ्या, लेव्हलवर नको. चूक निघालेली डबी कललेल्या जागेवर फिरवली, आणि चूक चिकटपट्टीवर असेल तर ती दोन्ही रीडिंगमधून वजा केली, तर आकडा तोच येतो आणि दिशा उलटी होते, ०.२० आणि -०.२०. आकडे वेगळे आले तर अजून चूक शिल्लक आहे. आणि आकडा तोच, पण दोन्ही वेळा ठिपकाच वर दाखवत असेल तर जागा लेव्हलला आहे आणि जे दिसतंय ती सगळी डबीची चूक. हे दोन प्रकार डोक्यात वेगळे ठेवले की अर्धे वाद मिटतात.

आता मूळ प्रश्न, परत परत का येतं. कारण मी हे सगळं नीट केलं, चिकटपट्टी लावली, आणि दोन दिवसांनी परत ०.१ चा फरक. चिडून परत फिरवून मोजलं तर चूक ०.१५ ऐवजी ०.०५. परत लिहिलं. पुढच्या आठवड्यात ०.२०. तेव्हा मी ठरवलं की आतला सेन्सर गेला.

सेन्सर ठीक होता. बेसच्या मॅग्नेटला लोखंडाचा कीस चिकटत होता. डबी मशीनच्या टेबलावर फिरते, तिथे कीस असतोच, आणि मॅग्नेट तो ओढून घेतो, बेसच्या मधल्या व्ही-खाचेत आणि कडेला काळी मिशी उगवल्यासारखा उभा राहतो. बेस साधारण ६० मिलिमीटर लांब, त्याच्या एका टोकाखाली ०.१ मिलिमीटरचा कण आला की ०.१ अंश गेला. एका कागदाएवढा कण! कपड्याने पुसलं की दिसायला स्वच्छ होतं पण कीस नुसता कडेवरून सरकून मॅग्नेटच्या दुसऱ्या बाजूला जाऊन बसतो. चिकटपट्टीचा चिकट भाग बेसवर दाबून उचलला तेव्हा कुठे निघाला, आणि तीन-चारदा करावं लागलं.

यातली खोच फिरवण्याच्या पद्धतीतच आहे म्हणून जरा थांबून सांगतो. कचरा टेबलावर असेल आणि डबी दोन्ही वेळा अगदी त्याच जागी बसली तर तो कचरा टेबलाच्या उतारात मोजला जातो आणि डबीची चूक बरोबरच निघते. पण कचरा डबीला चिकटलेला असेल तर तो डबीबरोबर फिरतो, म्हणजे गणिताच्या दृष्टीने तो डबीच्या चुकीचाच भाग झाला. फिरवून केलेलं कॅलिब्रेशन तो कण मनापासून स्वीकारतं आणि त्याच्यासकट शून्य लावून देतं. मग परवा तो कण पडला की तेवढीच चूक उलट्या दिशेने हजर. म्हणजे तुम्ही कॅलिब्रेट केलंत म्हणूनच ती चूक आली! हे ओळखायचं कसं, तर चूक दर वेळी वेगळी येते, कधी वाढते कधी घटते, आणि बेस चिकटपट्टीने साफ करून लगेच मोजलं की ती ठरावीक आकड्यावर येऊन थांबते. माझी ०.१५ पण कचऱ्यासकटच निघाली, साफ बेसवर ती ०.१० होती. चिकटपट्टी बदलली.

याच हिशोबाने मोबाइलवरचं लेव्हलचं ॲपपण या पद्धतीने सुधारता येतं. मागे कॅमेऱ्याचा उंचवटा असतो म्हणून फोन तिरका बसतो, पण तो उंचवटा फोनबरोबरच फिरतो, त्यामुळे तो चुकीत जमा होऊन वजा होतो. अट एवढीच की सपाट जागेवर फोन दोन्ही वेळा सारखाच टेकला पाहिजे, डुगडुगत असेल तर विसरा. कव्हर काढून कॅलिब्रेट केलं आणि कव्हर घालून वापरलं तर तेही विसरा.

दुसरं कारण तापमान. आत एक चिमुकला ॲक्सेलरोमीटर असतो, गुरुत्वाकर्षणाचा किती भाग आपल्या अक्षावर येतोय हे तो मोजतो आणि त्यावरून कोन निघतो. त्याचा शून्य गरम-थंड झाल्यावर सरकतो. गुरुत्वाकर्षणाच्या हजाराव्या भागाएवढा सरकला तरी ०.०५७ अंश होतात, म्हणजे डिस्प्लेची एक पायरी गेली. डबी उन्हात गाडीत ठेवली होती किंवा थंड खोलीतून उबदार खोलीत आणली तर लगेच मोजायला घेऊ नका, अर्धा तास कामाच्या जागी पडू द्या. तळहातात गच्च धरून ठेवली तरी फरक दिसतो. कीस आणि तापमान यात फरक असा की तापमानाची चूक एकाच दिशेने हळूहळू सरकते आणि मग थांबते, डबी न हलवता नुसतं बघत बसलात तरी आकडा बदलताना दिसतो. कीस असेल तर न हलवता काहीच बदलत नाही, उचलून ठेवलं की बदलतो.

तिसरं एक कारण आहे जे पुष्कळांच्या लक्षात येत नाही. जागा आडव्या दिशेलापण कललेली असेल आणि फिरवताना डबी थोडी वाकडी बसली तर आडवा उतार मापात शिरतो. जागा आडवी २ अंश कललेली आणि डबी ३ अंश वाकडी ठेवली गेली तर ०.१ चा घोटाळा, आणि ३ अंश वाकडं डोळ्याला धड दिसतही नाही. म्हणून डबीभोवती पेन्सिलने चौकट काढा आणि दोन्ही वेळा तिच्यातच बसवा, किंवा एक सरळ पट्टी क्लॅम्प करून डबी तिला टेकवा. शक्य असेल तर आडव्या दिशेला जागा आधीच जमेल तेवढी सरळ करून घ्या, मग वाकडेपणा फारसा छळत नाही. चौकट काढली की तीच जागा मिळण्याचा प्रश्नपण सुटतो.

हे सगळं करूनही डबी भिंतीवर चुकते अशी एक तक्रार असते. फळीवर बरोबर, पण उभ्या खांबावर ९० ऐवजी ८९.७, ओळंबा मात्र म्हणतो खांब सरळ. इथे फिरवण्याच्या पद्धतीची हद्द येते. तिने तुम्ही आडव्या जागेजवळची चूक काढली. आत दोन अक्ष असतात, आडव्याला एकाचा शून्य महत्त्वाचा आणि उभ्याला दुसऱ्याचा, आणि त्या दुसऱ्याला आपण हातच लावलेला नाही. शिवाय उभ्याला डबीची बाजूची कड टेकत असाल तर ती कड बेसशी अचूक काटकोनात हवी, ती असेलच असं नाही. उभ्यासाठी वेगळं मोजा. डबी खांबाच्या एका बाजूला टेकवून रीडिंग घ्या, मग तीच कड समोरच्या समांतर बाजूला टेकवा. चूक नसेल तर दोन्हीकडे खांब सारखाच आणि एकाच दिशेला कललेला दिसायला हवा. एकीकडून डावीकडे ०.३ आणि दुसरीकडून उजवीकडे ०.३ दाखवला तर खांब सरळ आहे, डबी उभ्याला ०.३ ने चुकते. ही चूक चिकटपट्टीवर दुसऱ्या ओळीत लिहा, आडवीच्या आकड्यात मिसळू नका.

मधल्या कोनांचं, म्हणजे ३० किंवा ४५ चं, फिरवून काहीच कळत नाही. तिथे डबी प्रमाणातच चुकत असेल तर ज्ञात कोन लागतो. साइन बार, म्हणजे एका टोकाखाली मापाचे ब्लॉक लावून नेमका कोन देणारी पट्टी, असेल तर सोपं आहे, २०० मिलिमीटरच्या बारला १०० मिलिमीटरचे ब्लॉक लावले की बरोबर ३० अंश. नसेल तर मी तरी ४५ च्या आसपासच्या मापावर ०.२ पेक्षा बारीक भरवसा ठेवत नाही.

आणि पुष्कळ कामांना यातलं काहीच लागत नाही. करवतीचं पातं टेबलाशी ९० ला आहे का, ड्रिलचं टेबल स्पिंडलशी काटकोनात आहे का, अशी मापं दोन पृष्ठभागांमधली असतात. तिथे टेबलावर ZERO दाबायचं आणि डबी न फिरवता, तेच तोंड ठेवून, पात्यावर लावायची. टेबल कललेलं असो की डबीचा शून्य सरकलेला असो, आडव्याची चूक वजा होऊन जाते, उभ्याचा जो थोडा फरक उरतो तो वरच्यासारखा तपासायचा आणि शंका आलीच तर शेवटी गुण्या लावून बघायचा. फिरवायची कटकट तेव्हाच जेव्हा "जमिनीच्या मानाने किती" असा प्रश्न असतो: पाइपाचा उतार, मशीनची बैठक, फळी, जिना. माझा तो पाइप मी परत सोडवून लावला, ठिपका वर आणि ठिपका खाली दोन्हीकडून मोजून, ०.६५ आणि -०.४५, म्हणजे खरा उतार ०.५५ आणि डबीची चूक तीच ०.१०.